पेटीला दम लागतो

मी पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. अशा माणसाकडे नातेवाईक दोनच कामे घेऊन येतात. एक लग्नपत्रिकेचा मजकूर आणि दुसरे भाषण. लग्नपत्रिकेचे एक बरे असते. लग्न आधीच ठरलेले असते, त्यामुळे मजकूर कसाही उतरला तरी ते मोडत नाही. भाषणाची गोष्ट निराळी. ते फसले की ज्याने केले तो सुटतो आणि ज्याने लिहून दिले तो सापडतो.

२०१९ साली आमच्या दाजींच्या कारखान्याला पन्नास वर्षे झाली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कारखाना म्हणजे पुण्याच्या पेठेतला एक जुना वाडा. खाली तीन खोल्यांत सुतारकाम चालते, माडीवर सूर लावण्याची खोली आहे आणि पोटमाळ्यावर सागवानी फळ्यांची चवड. तेथे पेट्या होतात. पेटी म्हणजे हार्मोनियम हे वाचकांना सांगायला नकोच. महिन्याला आठ-नऊ पेट्या होतात.

पन्नास वर्षांच्या निमित्ताने गिऱ्हाइकांना एका संध्याकाळी बोलवावे, बटाटेवडा आणि कॉफी द्यावी, थोडे गाणे व्हावे, असे माझ्या भाच्याने ठरवले. हल्ली धंदा तोच बघतो. दाजींनी चार शब्द बोलावे असेही त्यानेच ठरवले. मग ताईचा मला फोन आला, “अरे, यांना काहीतरी लिहून दे. हे पेटी बोलकी करतात, पण स्वतः बोलायला उभे राहिले की यांचा भाता बसतो.”

मी एका रात्रीत भाषण लिहिले. चांगले चार पानी. त्यात ‘ग्राहक हाच परमेश्वर’ होते, ‘विश्वासाचे अतूट नाते’ होते, ‘आपल्या प्रेमाच्या बळावरच हा वटवृक्ष’ असेही होते. दाजींनी चष्मा लावून ते सावकाश वाचले. मग कागद घडी करून माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले,

“मास्तर, छान आहे. फक्त एक करा. जिथे जिथे पेटी लिहिलंय, तिथे छत्री लिहा.”

“का बरं?”

“म्हणजे कोपऱ्यावरच्या छत्रीवाल्याच्या उपयोगी पडेल. त्याच्या दुकानालाही पुढच्या वर्षी पन्नास होतायत.”

पस्तीस वर्षांत मी मुलांच्या निबंधांवर पुष्कळ शेरे मारले असतील, पण इतका नेमका शेरा मला कधी सुचला नाही.

मग दाजी उठले आणि कपाटातून वह्या घेऊन आले. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, जाडजूड अशा नऊ वह्या. कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक पेटीला नंबर असतो. तो वरचे झाकण काढले की आतल्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेला दिसतो. वहीत त्या नंबरापुढे गिऱ्हाइकाचे नाव, गाव, किंमत आणि तारीख असते. एवढे तर कोणीही दुकानदार लिहील. पण दाजी आणखी लिहीत. गाणाऱ्याची पट्टी कोणती, काळी एक की काळी पाच. पेटी घरी राहणार की प्रवासाला जाणार. कुठल्या फळ्यांतून झाली. आणि नंतर ती पुन्हा कधी आली, का आली, काय केले. शेवटचा नंबर चार हजारांच्या वर गेला होता.

“भाषण यात आहे,” दाजी म्हणाले. “आपण फक्त निवडायचं.”

तीन संध्याकाळ आम्ही वह्या वाचत बसलो. वाचता वाचता तिसऱ्या दिवशी आम्ही १९९७ सालाशी आलो आणि दाजी गप्प झाले. एकतीस नंबरांपुढे तांबड्या शाईची फुली होती. भाचा मागे उभा होता, तो चटकन म्हणाला, “बाबा, हे नको. आनंदाचा कार्यक्रम आहे. लोक पेट्या घ्यायला येतात, आणि आपण खोट सांगत बसायचं? दुकानदार पण येणार आहेत.”

दाजी काही बोलले नाहीत. मलाही खरे तर भाच्याचे म्हणणे पटले होते. मी म्हटले, “दाजी, लग्नात कोणी नवरीची पडलेली पत्रिका वाचून दाखवत नाही.”

“मास्तर,” ते म्हणाले, “त्या संध्याकाळी सोलापूरच्या बाई येणार आहेत. त्या समोर बसल्या असताना मी ‘विश्वासाचे नाते’ म्हणू? त्यांना हसू येईल.”

सोलापूरच्या बाई कोण, ते पुढे येईलच. दाजींनी भाषणात ज्यांची नावे घेतली त्यांची नावे मी येथे देत नाही. त्यांनीच तसे सुचवले आहे.

मार्गशीर्षातली संध्याकाळ होती. शाळेच्या सभागृहात दीड-दोनशे माणसे जमली होती. त्यांत कीर्तनकार होते, गाण्याच्या शिक्षिका होत्या, भजनी मंडळांचे म्हातारे होते, आणि ‘आमच्या आजोबांची पेटी तुमच्याकडची’ म्हणून आलेली तरुण पोरेही होती. दाजी उभे राहिले. खिशातून कागद काढला, तो टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे परत पाहिलेच नाही. ते जे बोलले ते मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो.

“मंडळी, मला भाषण येत नाही. मला पेटी येते. तेव्हा मी पेटीबद्दलच बोलतो, त्यात तुमच्याबद्दल आपोआप येईल.

“साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या असतात. सुरांच्या दोन ओळी असल्या की झाले ८४ सूर. सूर म्हणजे पितळेची एक लहानशी जीभ. ती एका टोकाला घट्ट बसवलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी. खालून वारा आला की ती थरथरते आणि बोलते. ही जीभ सुरात आणायची तर कानस लागते. मोकळ्या टोकाला पितळ घासले की जीभ हलकी होते आणि सूर चढतो. बुंध्याशी घासले की जीभ लवचीक होते आणि सूर उतरतो. एवढी दोनच कामे. पण घासलेले पितळ परत चिकटवता येत नाही. टोकाला जास्त घासले तर मग बुंध्याला घासायचे, तिथे जास्त झाले तर पुन्हा टोकाला. असे दोन-चारदा झाले की जीभ पातळ होते, आणि मग तिला सूर असतो पण आवाज राहत नाही. आमच्याकडे हे काम अडतीस वर्षे एकच माणूस करतो. ते तिथे खांबाला टेकून उभे आहेत. त्यांना बसा म्हटले तर बसत नाहीत. तुमच्या घरातल्या पेटीचा आवाज तुम्ही माझा समजता, तो त्यांचा आहे.”

लोकांनी वळून पाहिले. खांबाजवळचे गृहस्थ इतके ओशाळले की खांबाच्या मागेच गेले. टाळ्या पडल्या. दाजी पुढे म्हणाले,

“आता तुमच्याबद्दल. १९७४ साली मुंबईला गिरणगावातल्या एका चाळीने आमच्याकडून पेटी नेली. भजनी मंडळाची पेटी. दर बिऱ्हाडाने एक-एक रुपया वर्गणी महिनोन् महिने काढून पैसे जमवले होते. वहीत मी लिहून ठेवलंय, ‘पैसे सर्व नाण्यांत, मोजायला एक तास.’ पुढे १९८२ साली गिरण्यांचा संप झाला. १९८३ च्या उन्हाळ्यात ती पेटी दुरुस्तीला आली. उंदरांनी भात्याचं चामडं खाल्लं होतं. दुरुस्तीचे ६५ रुपये झाले. मंडळाचं पत्र आलं, ‘पेटी आपल्याकडेच ठेवावी, सध्या पैसे नाहीत.’ आषाढी जवळ आली होती. मी पेटी पाठवून दिली. यात माझं मोठेपण काही नाही. पेटी ठेवून मी तिचं काय करणार होतो? पण ऑगस्टपासून मनिऑर्डर यायला लागली. पाच रुपयांची. दर महिन्याला पाच रुपये. तेरा मनिऑर्डरी आल्या. मनिऑर्डरीच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी थोडी जागा असायची. त्यात दर वेळी एकच ओळ असे. ‘एकादशीस हरिपाठ झाला. पेटी चांगली वाजली.’ एका महिन्यात होतं, ‘खालचा एक सूर बोलत नाही, पण त्यावाचून चालते.’

“त्या ओळीने मला झोप येईना. संपात माणसं होती आणि पेटीवर तक्रारही कशी जपून करत होती बघा. मी उलट कार्ड टाकलं. मुका झालेला सूर बहुतेक बिघडलेला नसतो. जीभ आणि तिच्या भोवतालची चौकट यांच्यात केसाएवढी फट असते, तिथे धुळीचा कण बसतो. झाकण काढावं, पातळ कागदाची कड त्या फटीतून अलगद फिरवावी. टाचणी कधीही घालू नये. टाचणीने धूळ निघते आणि सूरही जातो. पुढच्या मनिऑर्डरीवर ओळ आली, ‘सूर बोलला.’ ती तेरावी मनिऑर्डर होती. त्या मंडळाचे दोन गृहस्थ आज इथे आलेत. पेटीही आणलीय. नंतर वाजेल.”

येथे पुढच्या रांगेतले एक टोपीवाले म्हातारे गृहस्थ उगीचच छताकडे पाहू लागले.

मला वाटले, दाजी येथेच थांबतील. थांबले असते तर भाषण उत्तम झाले असते आणि भाच्याच्या जिवाला शांती मिळाली असती. पण दाजींनी पाण्याचा एक घोट घेतला आणि म्हणाले,

“हे मी चांगलं वागलो त्याचं झालं. आता चुकलो ते सांगतो, कारण ज्यांनी माझी चूक दाखवली त्या समोर बसल्या आहेत.

“१९९७ च्या दसऱ्या-दिवाळीला आमच्याकडे एकदम पुष्कळ पेट्यांची मागणी आली. माझा नेम असा, की सागवानी फळी आणली की पोटमाळ्यावर मध्ये चिपा घालून रचायची, म्हणजे सगळ्या बाजूंनी वारा खेळतो, आणि तिने दोन उन्हाळे बघितल्याशिवाय तिला करवत लावायची नाही. त्या वर्षी सुकलेला माल संपला. मी आषाढात फळ्या आणल्या आणि आश्विनात कापल्या. एकही उन्हाळा नाही. फळी हाताला कोरडी लागत होती, रंधा छान चालत होता, मला वाटलं सागवान आहे, सागवान फारसं हलत नाही. हे खरं आहे, इतर लाकडांपेक्षा कमी हलतं. पण फारसं हलत नाही म्हणजे अजिबात हलत नाही असं नव्हे. त्या फळ्यांतून एकतीस पेट्या झाल्या. दिवाळीत गेल्या. थंडीभर उत्तम वाजल्या. मी खूश.

“१९९८ च्या मे महिन्यात सोलापूरहून पत्र आलं. बाई गाण्याचा वर्ग चालवतात. मुलींना काळी पाचमध्ये शिकवतात, म्हणून पेटी त्या मानाने लावून दिली होती. त्यांनी लिहिलं, ‘आपल्या पेटीला दम लागतो. दोन ओळी गाऊन होईस्तोवर भाता चार वेळा जास्त घालावा लागतो. मुलींच्या परीक्षा चालू आहेत, त्या संपल्यावर पेटी पाठवते.’ पेटी आली ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात. इथे पावसाची झड लागलेली. मी पेटी टेबलावर घेतली. भाता भरला, बाहेरून दाबून पाहिला. दगडासारखा घट्ट. हवा कुठून निघत नव्हती. तीन दिवस ठेवली, तिन्ही दिवस घट्ट. मी पेटी परत पाठवली आणि बरोबर चिठ्ठी लिहिली. ती चिठ्ठी बाईंनी जपून ठेवलीय आणि आज मला आणून दाखवली. त्यात मी लिहिलंय, ‘पेटी उत्तम स्थितीत आहे. भाता घालताना घाई करू नये.’”

सभागृहात हशा झाला. बाईही हसल्या. पांढरे केस, किरमिजी काठाचे लुगडे, मांडीवर पिशवी. दाजी मात्र हसले नाहीत.

“तीस वर्षे गाणं शिकवणाऱ्या बाईंना मी भाता कसा घालावा ते शिकवत होतो. दुसरी कोणी असती तर तिने दुसरीकडची पेटी घेतली असती आणि चार जणींना सांगितलं असतं की तिकडची घेऊ नका. बाईंनी तसं केलं नाही. त्या एक वर्ष थांबल्या. १९९९ च्या मे महिन्यात भर दुपारी एक वाजता त्या वाड्याच्या दारात उभ्या राहिल्या. सोलापूरहून एसटीने आल्या होत्या आणि पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘पावसाळ्यात ही बरी असते. वैशाखात तिला दम लागतो. तुम्ही पावसाळ्यात बघितलीत. आता बघा.’

“मी भाता भरला आणि दाबला. हात आत जात राहिला. एकही पट्टी दाबलेली नाही आणि हवा निघून चाललीय. मग मी उदबत्ती लावली आणि पेटीचं झाकण काढून तिचा धूर सुरांच्या फळीवरून सावकाश नेला. हवा कुठून निघते ते धूर सांगतो. तो सरळ वर जाता जाता मध्येच झटका खातो. उजव्या अंगाला, वरच्या सप्तकाजवळ, धूर उडाला. भिंग घेऊन बघितलं तर फळीला रेषेसारखी चीर. पोस्टकार्डही आत गेलं नसतं, पण वाऱ्याला तेवढी वाट पुष्कळ झाली.

“ही चीर का पडली ते तुम्हाला सांगतो, म्हणजे बाई किती बरोबर होत्या ते कळेल. लाकूड पाणी पितं आणि सोडतं. पावसाळी हवेत ते फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. लांबीत त्याचा फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल. फरक पडतो तो रुंदीत. हातभर रुंद ओल्या फळीतलं अर्धं सूत सहज कमी होतं. सुरांची फळी चारही बाजूंनी चौकटीत अडकवलेली असते. तिला आकसायचं आहे आणि चौकट आकसू देत नाही. मग ती काय करणार? फाटणार. माझी फळी आषाढात आलेली, पोटात पाणी घेऊन. सोलापूरच्या उन्हाने ते पाणी काढलं. मग जुलैत ती पेटी इथे आली, पुण्याच्या दमट हवेत चार दिवस राहिली, फळी फुगली आणि चीर आपली आपण मिटली. मला तपासायला दिलेली पेटी खरोखरच घट्ट होती. मी खोटं लिहिलं नव्हतं. पण बाईंचंही खरं होतं. मी पेटीला विचारलं. पेटी ज्या हवेत राहते त्या हवेला विचारलं नाही, आणि जिच्या हातात ती रोज असते तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

“बाई कोपऱ्यात पाणी पीत बसल्या होत्या. त्या एकच वाक्य बोलल्या. म्हणाल्या, ‘माझ्या पेटीचं होईल हो. पण याच फळ्यांच्या आणखी किती आहेत?’

“मंडळी, तोपर्यंत हे माझ्या मनात आलंच नव्हतं.”

दाजी थांबले. खुर्च्यांचा आवाजही होत नव्हता.

“त्या रात्री वही काढली. त्या फळ्यांच्या एकतीस. मी एकतीस पोस्टकार्डं लिहिली. ‘आपण दिवाळीत नेलेल्या पेटीच्या लाकडात खोट आहे. आज पेटी चांगली वाजत असेल तरीही पाठवावी. खर्च आमचा.’ आमच्या हिने पत्ते घातले. त्या वर्षी १९ पेट्या परत आल्या. सुरांची फळी बदलायची म्हणजे ८४ सूर काढायचे, नवी फळी भोके पाडून बसवायची, सूर परत लावायचे आणि पहिल्यापासून जुळवायचे. एका पेटीला चार दिवस. सूर जुळवणारा माणूस एक. तीन महिने आमच्याकडे नवी पेटी झाली नाही. पतपेढीचं कर्ज काढलं, ते फिटायला दोन वर्षे लागली. काही लोकांनी पेटी ठेवूनच घेतली, म्हणाले आमची उत्तम आहे. त्यांतल्या पाच पुढे एकेक करून आल्या. पाचवी आली २०११ साली. आणली ती मुलाने. ज्यांनी नेली होती ते गेले होते. कार्ड त्यांच्या पेटीतच घडी करून ठेवलेलं सापडलं.

“एकोणीस आणि पाच, चोवीस झाल्या. सात राहिल्या. त्यांची पोस्टकार्डं ‘पत्त्यावर नाहीत’ म्हणून परत आली, नाहीतर आलीच नाहीत. त्या सात पेट्या कुठेतरी आहेत आणि दर वैशाखात त्यांना दम लागतो. त्या घरात कोणीतरी म्हणत असेल, पेटी जुनी झाली. नाहीतर आपल्या पोरीला म्हणत असेल, तुला भाता घालता येत नाही.

“तेव्हा आज तुम्हाला बोलावलं त्यात माझा थोडा स्वार्थ आहे. मी ते सात नंबर वाचतो. तुमच्यापैकी कोणाच्या, शेजाऱ्याच्या, देवळाच्या, शाळेच्या पेटीत हा नंबर असेल तर मला कळवा. घरी जाऊन झाकण काढा, उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला असतो.”

आणि दाजींनी सात नंबर वाचले. एकेक नंबर दोनदा. शाळेत मी हजेरी घेत असे तसे. एरवी अशा समारंभात या वेळी लोक वड्यांच्या वासाकडे लक्ष देऊ लागतात. येथे पंधरा-वीस माणसे नंबर लिहून घेत होती. भाचा भिंतीशी उभा होता, त्याचे तोंड मी मुद्दाम पाहिले नाही.

शेवटी दाजी म्हणाले, “एक परीक्षा सांगतो आणि संपवतो. भाता पूर्ण भरा. एकही पट्टी दाबू नका. मग भाता बाहेरून दाबून बघा. घट्ट लागला तर पेटी धड आहे. हळूहळू आत जात राहिला तर हवा निघते आहे. पण ही परीक्षा वैशाखात करा. आषाढात सगळ्याच पेट्या शहाण्या असतात. आणि आमच्याकडे पेटी घेऊन आलात की मी तुम्हाला पहिल्यांदा काय विचारीन सांगू? ‘तुमचं काय म्हणणं आहे’ हेच विचारीन. पूर्वी मी पहिल्यांदा पेटी मागत असे.”

एवढे बोलून ते बसले. ‘धन्यवाद’ म्हणायला विसरले. नंतर आठवण झाली म्हणून अर्धवट उठले, पण तोपर्यंत टाळ्या सुरू झाल्या होत्या, तेव्हा पुन्हा बसले.

मग भजनी मंडळाची पेटी वाजली. तिचा आवाज थोडा खरबरीत झाला आहे, पण खालचा तो सूर बोलतो. सोलापूरच्या बाईंनी त्यांची नात गायला बसवली आणि स्वतः पेटीवर बसल्या. पेटी तीच, फळी नवी. मी लक्ष देऊन पाहिले. भाता घालण्यात घाई मुळीच नव्हती.

वडे खाताना एक गृहस्थ भाच्याला शोधत आले. मिरजेजवळच्या एका गावात त्यांच्या साडूंच्या घरी पेटी होती. वापरात नव्हती; ‘हवा फार लागते’ म्हणून माळ्यावर टाकली होती. त्यांनी तेथूनच फोन लावला. साडूंनी माळ्यावर चढून झाकण काढले. नंबर जुळला. भाच्याने तो दुसऱ्याच दिवशी जाऊन आणायचे ठरवले, आणि मला म्हणाला, “मामा, त्या दुकानदारांपैकी एकाने जाताना दोन पेट्यांची ऑर्डर दिली. वर म्हणाला, फळ्यांना दोन उन्हाळे दाखवूनच द्या.”

पुढे २०२२ साली आणखी एक सापडली, जुन्या बाजारात. नंबर लिहून घेतलेल्यांपैकी एकाने तो कागद पाकिटात जपून ठेवला होता. आता पाच राहिल्या आहेत. दाजींनी वहीत त्या पाच नंबरांपुढची तांबडी फुली तशीच ठेवली आहे.

माझे चार पानी भाषण माझ्याजवळ आहे. कोपऱ्यावरच्या छत्रीवाल्यासाठी ठेवले होते, पण त्यालाही ते द्यायचा धीर होत नाही. मध्यंतरी त्याच्या दुकानात गेलो होतो. काडी का मोडते, कापड कुठे आधी फाटते, कोणते गिऱ्हाईक एकच छत्री वीस वर्षे दुरुस्तीला आणते, हे तो अर्धा तास सांगत होता. म्हटले, याच्याजवळही वही असणार.

वाचकहो, या दिवाळीत लक्ष्मीपूजनानंतर पुष्कळ घरांतून पेटी बाहेर निघेल, तिच्यावरचे कापड झटकले जाईल आणि कोणीतरी दोन गाणी म्हणेल. दिवाळीत ती चांगलीच वाजेल. खरी परीक्षा वैशाखात. त्या वेळी तिला दम लागला, तर आधी भाता घालणाऱ्या पोरीला रागावू नका.